हयातीचा दाखला मोबाइलवर: आधी चेहरा कुणाचा?

शहापूरकडच्या गावातल्या एका आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोव्हेंबरात त्या कळव्याला भाच्याकडे आल्या आणि हयातीचा दाखला स्वतः मोबाइलवर भरला. भाच्याने फोन त्यांच्याच हातात ठेवला, हे मला फार आवडलं.

त्यासाठी `Jeevan Pramaan` आणि `AadhaarFaceRD` ही दोन ॲप लागतात. पहिला चेहरा ऑपरेटरचा, म्हणजे दाखला भरायला मदत करणाऱ्याचा मागतात. बरेच जण इथेच गोंधळतात. भाच्याने तिथे स्वतःचा आधार क्रमांक देऊन स्वतःचा चेहरा दाखवला. पेन्शनरची माहिती त्यानंतर येते. आजींनी पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा कागद शेजारी ठेवून एकेक आकडा ॲपमध्ये भरला. पेन्शनच्या प्रकारात ‘Family’ निवडलं, पुनर्विवाहाला ‘No’. ही दोन उत्तरं घाईत चुकली तर दाखला नाकारला जाऊ शकतो.

चेहरा काही जुळेना. “आत्या, चष्मा काढ, खिडकीकडे तोंड कर आणि डोळे मिटून उघड,” भाचा म्हणाला. उजेड पाठीमागून आला की चेहरा काळा पडतो. तोंड फिरवल्यावर लगेच जुळला.

मेसेजमध्ये प्रमाण आयडी येतो, तो वहीत लिहून ठेवा. दाखला तयार झाला तरी पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारला का, हे काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर पाहा.