एफडी आणि आरडी: व्याजाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

अमळनेर, चोपडा, पारोळा या भागात बँकेच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास कानावर येतो: "दादा, दोन्हीना दर सारखा, मंग आरडीनं व्याज कमी काबर उनं?" विचारणारी बहुधा नुकतीच कामाला लागलेली मुलगी असते किंवा निवृत्तीचे पैसे हातात आलेले काका. प्रश्न एकच असला तरी दोघांची चूक वेगळी असते आणि काकांची चूक जास्त महाग पडते.

आधी मुलीचं घेऊ. ती दरमहा २,००० रुपयांची आरडी करते, मुदत एक वर्ष, दर ७ टक्के. वर्षअखेर २४,००० भरून होतात आणि हातात साधारण २४,९२४ येतात. मैत्रिणीने त्याच दराने २४,००० ची एफडी केलेली असते, तिला १,७२५ च्या आसपास व्याज मिळतं. हिला मात्र ९२४. बँकेने फसवलं असं वाटणं साहजिक आहे, पण तसं झालेलं नाही. तिचा पहिला हप्ता बारा महिने बँकेत राहिला, दुसरा अकरा, आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर तिचा प्रत्येक रुपया साडेसहा महिनेच बँकेत होता, म्हणून व्याजही निम्म्याच्या थोडं वर. दर खरोखर सारखाच होता, फक्त पैसा उशिरा आला. मैत्रिणीकडे पहिल्याच दिवशी २४,००० होते, हिच्याकडे नव्हते. त्यामुळे ही तुलनाच जुळत नाही. हिने तुलना करायची ती बचत खात्यात पडून राहिलेल्या पैशाशी.

आता काका. निवृत्तीनंतर सहा लाख एकरकमी आले. कोणीतरी सांगितलं की आरडीने पैसा "हळूहळू वाढतो, सुरक्षित राहतो", म्हणून त्यांनी सगळी रक्कम बचत खात्यात ठेवली आणि दरमहा ५०,००० ची आरडी लावली. वर्षभरात आरडीवर व्याज झालं सुमारे २३,१०० रुपये. बचत खात्यात वाट पाहत थांबलेल्या रकमेवर अडीच टक्क्यांनी आणखी ६,९०० च्या आसपास. एकूण जवळपास ३०,०००. तेच सहा लाख पहिल्या दिवशी ७ टक्क्यांच्या एफडीत गेले असते तर तिमाही चक्रवाढीने ४३,१०० मिळाले असते. तेरा हजारांचा फरक पडला, तोही पैसे हातात असताना हप्त्यांनी भरल्यामुळे. हातात रक्कम असेल तर आरडी करण्यात काहीच हशील नाही, हे मी प्रत्येक निवृत्त माणसाला आवर्जून सांगतो.

याच काकांना कधीकधी दुसरी युक्ती सुचवली जाते: एफडीचं व्याज दरमहा घ्या, ते आरडीत टाका, आरडी पिकली की पुन्हा एफडी करा, म्हणजे व्याजावर व्याज. कागदावर हे चक्र फार छान दिसतं. हिशेब मात्र असा आहे. सहा लाखांवर ७ टक्के म्हणजे वर्षाला ४२,०००, म्हणून दरमहा ३,५०० येतील अशी अपेक्षा असते. खात्यात जमा होतात ३,४८०. पुष्कळ जण इथेच तक्रार घेऊन येतात. बँक तिमाहीला व्याज देण्याचा दर धरते आणि महिन्याला आधी पैसे देताना त्यातून थोडी सूट कापते, म्हणून ते वीस रुपये कमी. आता हे ३,४८० दरमहा त्याच दराच्या आरडीत गेले तर वर्षाखेरीस होतात जवळपास तेवढेच ४३,१००, जे काकांना मुद्दल-व्याज एकत्र वाढणाऱ्या साध्या एफडीत काही न करता मिळाले असते. म्हणजे फायदा शून्य, आणि हप्ता भरायचं काम वाढलं ते वेगळंच. महिन्याचं व्याज घरखर्चाला लागत असेल तर दरमहा व्याजाची एफडी करावी. लागत नसेल तर पावती करतानाच व्याज मुद्दलात जमा होणारा प्रकार मागून घ्यावा.

हप्त्याची तारीख ही दुसरी ठेच लागण्याची जागा, विशेषतः नव्या बचत करणाऱ्यांना. खान्देशात उत्पन्न एकसारखं येत नाही. पगारदाराला महिन्याला मिळतं, पण रावेर-यावलच्या केळीवाल्याला माल कापला की, आणि कापूसवाल्याला तर वर्षातून काही वेळाच. अशा घरात ५,००० ची आरडी उत्साहाने सुरू होते आणि उन्हाळ्यात हप्ते थकतात. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत थकलेल्या प्रत्येक महिन्याला १०० रुपयांमागे १ रुपया दंड लागतो आणि चार हप्ते थकले की खातं बंद पडतं. त्यानंतर दोन महिन्यांत थकबाकी भरून ते पुन्हा सुरू करता येतं. ही आरडी तीन वर्षांनंतर मोडली तरी व्याज बचत खात्याच्या दरानेच मिळतं. म्हणून शेतीवर घर चालत असेल तर आरडीचा हप्ता लहान ठेवावा, दुधाच्या किंवा मजुरीच्या पैशातून निघेल इतकाच, आणि मालाचे पैसे आले की त्याची एफडी करावी. पगारदाराने हप्त्याची तारीख पगार जमा होण्याच्या दोन-तीन दिवस पुढची घ्यावी. पगाराच्या आदल्या दिवशीची तारीख पडली, तर खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत जातो आणि पासबुकावर दंडाची ओळ दिसेपर्यंत कळतही नाही.

एफडी एकाच मोठ्या पावतीची करणं हीही नेहमीची चूक. सहा लाखांची एकच पावती असेल आणि दवाखान्यासाठी ४०,००० हवे असतील, तर अख्खी पावती मोडावी लागू शकते. मोडताना ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर धरतात आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड वजा होतो. दोन-दोन लाखांच्या तीन पावत्या असतील तर एकीलाच हात लावावा लागतो. पैसे दोन-तीन महिन्यांसाठीच हवे असतील तर पावतीवर कर्ज मिळतं का ते आधी विचारावं. त्याचा दर साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ४०,००० वर ८ टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज साडेपाचशेच्या आत येतं.

कापल्या जाणाऱ्या कराचंही पाहून घ्या. आरडीच्या व्याजावर टीडीएस लागत नाही असा समज अजून टिकून आहे, पण १ जून २०१५ पासून तोही कापला जातो. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतल्या वर्षभराच्या व्याजाची मर्यादा ज्येष्ठ नागरिकांना १ लाख आणि इतरांना ५०,००० आहे. करपात्र उत्पन्नच नसेल तर १५एच किंवा १५जी म्हणून ओळखलं जाणारं घोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावं. विम्याचं संरक्षणही एका बँकेत मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंतच असतं, त्यात एफडी, आरडी, बचत खातं सगळं मिळून येतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, मग तिथला दर कितीही चढा असो.

दोन्ही ठेवी एकाच घरात शोभतात त्याचं उदाहरण असं: पारोळ्याचे निवृत्त गुरुजी, पेन्शन २८,०००, खर्च २४,०००. त्यांची निवृत्तीची रक्कम एफडीच्या वेगवेगळ्या पावत्यांत आणि दरमहा उरणारे ४,००० आरडीत. आरडी पिकते त्या दिवशीच ते बँकेत जाऊन तिची एफडी करतात, कारण पिकलेली रक्कम बचत खात्यात पडली की त्या दिवसापासून व्याज अडीच टक्क्यांवर येतं.