३१ मार्चची मोजणी आणि दुकानाबाहेरचा माल

पसंतीवर पाठवलेल्या मालाचे बिल त्याच दिवशी विक्रीत धरले जाते आणि वर्षअखेरीस नफा फुगतो. तो असा दुरुस्त करावा:

१. ग्राहकाने होकार कळवलेला नाही आणि परतीची मुदतही संपलेली नाही, अशी बिले ३१ मार्चला वेगळी काढावीत.

२. समजा, ४८,००० रुपये खरेदी किमतीचा माल ६०,००० रुपयांना पाठवला आहे. तर विक्री आणि त्या ग्राहकाचे येणे दोन्हींतून ६०,००० वजा करावेत, मात्र अखेरच्या साठ्यात ४८,००० च मिळवावेत. नफा १२,००० ने कमी होईल. साठ्यात चुकून ६०,००० धरले, तर न झालेल्या विक्रीचा नफा हिशेबात तसाच राहतो.

३. खरेदी नोंदली, पण माल अजून वाटेत आहे, आणि करारानुसार मालकी पाठवणीलाच आपल्याकडे आली आहे, तर तो मोजणीत दिसत नसला तरी साठ्यात धरावा.

मुदत उलटूनही माल परत न आल्यास, किंवा ग्राहकाने तो पुढे विकला असल्यास, विक्री पूर्ण झालेली असते. ते बिल उलटवू नये.