भाषांतरित पुस्तकाची सूची मराठी वर्णक्रमाने कशी लावावी

साथींच्या रोगांच्या इतिहासावरील एखादे इंग्रजी पुस्तक मराठीत आले, की त्याच्या शेवटची सूचीही ओळीने भाषांतरित करून पाठवण्याचा मोह होतो. तसे केल्यास पृष्ठांक चुकतात आणि क्रमही चुकतो. सूचीचे काम पृष्ठमांडणी पूर्ण होऊन पृष्ठांक पक्के झाल्यावरच हाती घ्यावे, कारण मुद्रितांत एक परिच्छेद पुढे सरकला, तरी पुढच्या कितीतरी नोंदी खोट्या ठरतात.

प्रथम एक तक्ता आखावा. त्यात मूळ नोंद, मराठी नोंद, मूळ पृष्ठ, नवे पृष्ठ आणि ‘पाहा’ या संदर्भासाठी एक रकाना ठेवावा. मराठी नोंद शब्दकोशातून नव्हे, तर भाषांतरातूनच उचलावी. पुस्तकात सर्वत्र ‘कॉलरा’ असेल, तर मुख्य नोंद ‘कॉलरा’ हीच राहील आणि ‘पटकी’पुढे ‘पाहा कॉलरा’ असे लिहावे लागेल. ‘देवी’ ही नोंद मात्र ‘देवी (रोग)’ अशी करावी, विशेषतः शीतलादेवीच्या पूजेचा उल्लेख त्याच पुस्तकात असेल तर.

पृष्ठे शोधताना संगणकाच्या शोधसोयीवर पूर्ण विसंबू नये, कारण मराठी नाम विभक्तीपूर्वी रूप बदलते. ‘पाणीपुरवठा’ शोधल्यास ‘पाणीपुरवठ्याची’ सापडत नाही, ‘विहीर’ शोधल्यास ‘विहिरीचे’ निसटते, आणि ‘उंदीर’ व ‘पिसू’ यांची ‘उंदरांच्या’ व ‘पिसवांमुळे’ ही रूपे तर हाती लागतच नाहीत. म्हणून ‘पाणीपुरवठ’, ‘विह’, ‘उंद’, ‘पिस’ असे न बदलणारे तुकडेही शोधावेत आणि सापडलेले प्रत्येक पृष्ठ वाचूनच आकडा लिहावा. ‘ताप’ शोधल्यावर ‘संताप’ही समोर येतो, हे वेगळे सांगायला नको. मूळ पृष्ठांकाशेजारी नवा पृष्ठांक लिहिल्याने फायदा असा होतो, की मुळात पाच ठिकाणे आणि मराठीत तीनच आढळली, तर काहीतरी सुटले असल्याची शंका लगेच येते.

उपनोंदी इंग्रजीत अनेकदा शब्दयोगी अव्ययाने सुरू होतात आणि क्रम लावताना ते अव्यय सोडून द्यावे लागते. मराठीत ही अडचण आपोआप सुटते, कारण अव्यय नामाच्या मागे जाते. कॉलऱ्याखाली ‘पाण्याशी संबंध’ आणि ‘लंडनमधील साथ (१८५४)’ या उपनोंदी नामाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावाव्यात.

आता क्रम. क अक्षराखालच्या सहा नोंदी घेऊ: कांजिण्या, कावीळ, काळपुळी, कॉलरा, ‘कोख, रॉबर्ट’ आणि क्षय. संगणकाने त्या केवळ युनिकोडच्या सांकेतिक क्रमाने लावल्या, तर कांजिण्या, काळपुळी, कावीळ, कॉलरा, कोख, क्षय अशी रांग मिळते. त्यात मराठी वाचकाला खटकतील अशा तीन जागा आहेत. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून कावीळ आधी आणि काळपुळी नंतर हवी. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ओ नंतर ऑ येतो. म्हणून कोख आधी आणि कॉलरा नंतर. क्षय मात्र क मध्ये ठेवावा, की वर्णमालेच्या शेवटी क्ष हे स्वतंत्र अक्षर मानून न्यावा, हे प्रकाशकाशी बोलून ठरवावे. माझे मत शेवटी नेण्याच्या बाजूचे आहे, कारण शाळेत पाठ केलेला क्रम वाचक विसरत नाही. ज्ञ लाही तोच नियम लागू करावा.

अनुस्वाराचाही निर्णय असाच घ्यावा. कांजिण्या सर्व ‘का’च्या आरंभी ठेवता येतात किंवा बाराखडीप्रमाणे अं हा औ नंतर मानून मागे नेता येतात. कोणतीही एक पद्धत चालते, मात्र ती ‘अंधश्रद्धा’पासून ‘हिंदुस्थान’पर्यंत सारखीच पाळली पाहिजे. जोडाक्षरे त्या त्या अक्षराच्या बाराखडीनंतर येतात. त्यामुळे ‘प्लेग’ हा ‘पौ’नंतर आणि ‘स्नो, जॉन’ ही नोंद ‘सौ’नंतर शोधावी लागेल.

एक फसवा प्रकार ॲ चा आहे. ‘ॲनोफेलिस’मधले पहिले अक्षर स्वतंत्र ॲ म्हणून टंकले जाते किंवा अ वर अर्धचंद्र देऊनही टंकले जाते; दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, पण सांकेतिक क्रमात पहिले ह च्याही पुढे जाते आणि दुसरे अ मध्येच राहते. ‘ॲ’ने सुरू होणारी एखादी नोंद सूचीच्या तळाशी एकटी पडलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असते. सर्व नोंदींतील ॲ एकाच प्रकारे टंकून घ्यावा आणि तो शासकीय क्रमाप्रमाणे ए नंतर ठेवावा. ‘ऱ्या’ सारख्या अक्षरांतही कधी न दिसणारे जोडचिन्ह दडलेले असते, आणि एकच नोंद दोनदा आली, तर तेही तपासावे.

शेवटी छापील मुद्रित घेऊन प्रत्येक अक्षराखालच्या दोन-दोन नोंदींची पृष्ठे प्रत्यक्ष उघडून पाहावीत आणि ‘पाहा’ असे म्हटलेल्या प्रत्येक ठिकाणी ती मुख्य नोंद खरोखर आहे का, हेही पडताळावे.