मीमवरून मित्र दुखावलाय? माफीचा मेसेज लिहिताना या चुका टाळा

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी यार, मस्करी होती 😂"

हा मेसेज मी स्वतः पाठवलेला आहे. टाइप करायला दहा सेकंद लागली. त्याने बिघडवलेलं निस्तरायला पुढे बरेच दिवस गेले. म्हणून आधी झालं काय ते सांगतो, मग या एका ओळीत किती चुका होत्या ते बघू.

आमचा नऊ जणांचा जुना ग्रुप आहे. त्यातल्या एकाने दोन वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या. शुक्रवारी रात्री मी ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचा फोटो घेतला, त्यावर त्याचं नाव टाकलं आणि खाली लिहिलं, "खुर्चीला चाकं कोणासाठी असतात ते आज कळलं." पाच मिनिटांत हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. एकाने लगेच त्याचं स्टिकर बनवलं. ज्याच्यावर जोक होता त्यानेही 😂 टाकलं. मग तो गप्प झाला आणि शनिवार, रविवार गप्पच राहिला.

त्याच शुक्रवारी दुपारी त्याला ऑफिसात सांगण्यात आलं होतं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. हे त्याने ग्रुपमधल्या एकालाच सांगितलं होतं. त्या एकाने रविवारी रात्री मला फोन करून झापलं, तेव्हा मला कळलं. घाईघाईत मी वरची ओळ पाठवली, तीही ग्रुपवरच.

"असेल तर" हे दोन शब्द

माफीच्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त नुकसान हेच शब्द करतात. "वाईट वाटलं असेल तर" म्हणजे वाईट वाटण्यासारखं काही होतं हे मला मान्य नाही, पण तुझा स्वभावच तसा असेल तर बाबा घे सॉरी. वाचणाऱ्याला हे बरोबर कळतं. "मनाला लावून घेऊ नकोस" हा त्याचाच सख्खा भाऊ. त्यात काम समोरच्याला लावलेलं असतं: चूक माझी, पण मनाला न लावण्याची मेहनत तू घे.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. आपल्याला "ते जरा चुकून टाकलं गेलं", "मस्करीची कुस्करी झाली" असं लिहायची फार सवय. गेलं, झालं, सगळं आपोआप. वाक्यात करणारा कुठेच नाही. "मी टाकलं" लिहायला बोट अडखळतं, आणि ते अडखळतं म्हणूनच ते लिहायचं. "क्षमस्व" आणि "दिलगीर आहे" हेही मित्राला लिहू नये. एक रस्ता बंद असल्याच्या पाटीवरचं वाटतं, दुसरं ऑफिसच्या मेलमधलं. मैत्रीत "माझं चुकलं" पुरतं, मात्र त्याच्यापुढे काय चुकलं तेही यायला हवं.

"मस्करी होती" किंवा "माझा तसा हेतू नव्हता" हे खरंच असतं, पण त्याने वाद मिटत नाही, कारण वाद हेतूवर नव्हताच. तुम्ही मुद्दाम दुखावलं असं मित्राला बहुतेक वेळा वाटतच नाही. "माझ्याबद्दल हे सगळे असा विचार करतात तर" हे त्याला टोचलेलं असतं. त्याला उत्तर द्यायचं सोडून आपण स्वतःची वकिली करत बसतो. हेतू सांगायचाच असेल तर एका वाक्यात आणि चूक कबूल केल्यानंतर.

आणि शेवटचा तो 😂. लिहिणाऱ्याला वाटतं त्याने वातावरण हलकं होईल. पण लिहिताना आपल्या डोक्यात आपला सूर वाजत असतो, वाचणाऱ्याच्या स्क्रीनवर फक्त अक्षरं असतात. ईमेलवर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेच दिसलं होतं: आपली थट्टा की गंभीरपणा समोरच्याला कळेल, अशी लिहिणाऱ्यांना खात्री होती त्यापेक्षा तो खूपच कमी वेळा कळला. हसून दुखावलं असेल तर माफीतलं हसू म्हणजे तोच जोक पुन्हा.

घाबरून डिलीट करणं

मीम काढायचाच, पण कसा याला महत्त्व आहे. घाईत "डिलीट फॉर मी" दाबलं तर तो फक्त तुमच्या फोनवरून जातो, बाकी आठ जणांकडे तसाच राहतो, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. व्हॉट्सअ‍ॅप चुकीचं बटण दाबल्यावर काही सेकंद "अनडू" दाखवतं. ते लगेच दाबून मग "डिलीट फॉर एव्हरीवन" निवडा. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण दोन दिवसांची आहे. माझ्याबाबतीत शुक्रवारची रविवार रात्र झाली होती, म्हणजे अगदी काठावर. तुम्हाला स्वतःला जमलं नाही तर ग्रुप अ‍ॅडमिनला विनंती करा, त्याला इतरांचे मेसेज काढता येतात.

डिलीट केल्यावरही जागेवर "हा मेसेज डिलीट केला" अशी खूण उरते. माफीचा शब्द न बोलता नुसती ती खूण दिसली, तर मित्राला वाटतं पुरावा पुसला. म्हणून आधी त्याला वैयक्तिक मेसेज आणि लगेच त्याच मिनिटाला डिलीट. शिवाय कोणी गॅलरीत सेव्ह केलेला फोटो, बनवलेलं स्टिकर, पुढे पाठवलेली प्रत हे सगळं तुमच्या डिलीटने जाईलच असं नाही. तेव्हा "सगळं काढून टाकलंय" असं लिहू नका. "मी माझा मेसेज काढलाय" इतकंच खरं आहे.

ग्रुपवर आधी माफी मागणं

जखम चारचौघांत झाली म्हणून माफीही चारचौघांत, हा हिशोब बरोबर आहे, पण क्रम चुकतो. ग्रुपवर आधी माफी मागितली की सात जण बघत असताना मित्राला उत्तर द्यावं लागतं, आणि तिथे "अरे ठीक आहे रे" याशिवाय दुसरं उत्तर शक्यच नसतं. मला तेच मिळालं. मी ते खरं धरलं, ही वर आणखी एक चूक.

त्याहून मोठा घोळ असा झाला की ग्रुपवर लगेच प्रश्न सुरू झाले. "का रे, काय झालं?" "एवढं काय त्यात?" म्हणजे जी गोष्ट त्याने लपवली होती, तिच्याकडे माझ्या माफीनेच सगळ्यांच्या माना वळवल्या. माफीत कारण फोडायचं नसतं. वैयक्तिक मेसेजमध्येसुद्धा "तुझी नोकरी गेल्याचं कळलं" असं लिहिलं, तर ज्याने मला सांगितलं तो उघडा पडतो आणि मित्राला दुसरा धक्का बसतो. त्यातला सोपा मार्ग उशिरा सुचला: त्याच्या परिस्थितीबद्दल नाही, माझ्या जोकबद्दल माफी मागायची. त्याची नोकरी टिकली असती तरी तो जोक त्याच्या नोकरी बदलण्यावर नऊ जणांत केलेली टिंगलच होती.

दुसरा मेसेज

सोमवारी संध्याकाळी मी त्याला एकट्याला हे पाठवलं:

"शुक्रवारी मी तुझ्या नावाचा खुर्चीचा मीम ग्रुपवर टाकला. नोकरी हा तुझ्यासाठी साधा विषय नाही हे कळायला हवं होतं, आणि सगळ्यांसमोर त्यावर हसणं हे माझं चुकलं. काल ग्रुपवर जे लिहिलं ती माफी नव्हती, सारवासारव होती. मी माझा मेसेज काढलाय. तुला चालणार असेल तर ग्रुपवर एक ओळ लिहितो, कारण न सांगता. नको असेल तर विषय तिथेच थांबवतो. उत्तराची घाई नाही."

यात काय केलं ते नावानिशी आहे, ते का लागलं याचा अंदाज आहे आणि पुढे काय करणार ते त्याला विचारून आहे. "माफ केलंस ना?" नाही. तो प्रश्न लिहायचा मोह मला झाला होता. माफीच्या घटकांवर रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांचा 2016 चा एक अभ्यास आहे. त्यात सहा घटकांपैकी जबाबदारी स्वीकारणं सगळ्यात परिणामकारक ठरलं, त्याखालोखाल भरपाईची तयारी, आणि क्षमेची याचना सगळ्यात कमी. "माफ केलंस ना?" विचारलं की आपल्याला मोकळं करायचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात पडतं.

लांबीचंही सांगतो. पहिला मसुदा याच्या तिप्पट होता. त्यात आमची कॉलेजची मैत्री होती, मला झोप कशी लागली नाही ते होतं. ते वाचून त्यालाच माझी समजूत काढावी लागली असती. सगळं खोडलं. ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर एक बारीक गोष्ट तपासा: वैयक्तिक चॅटमध्येही ते चालू आहे का? 24 तासांची सेटिंग असेल, तर माफी दुसऱ्या दिवशी गायब होते आणि त्याला ती पुन्हा वाचता येत नाही. तिथे फोन बरा.

उत्तर आलं नाही तर

निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही, म्हणजे त्याने वाचलं एवढंच कळतं. या टप्प्यावर "?" पाठवणं, ऑनलाइन आहे का बघत बसणं, कॉमन मित्राला "त्याला सांग ना" म्हणून मध्ये घालणं हे सगळं टाळा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग माफीचा विषय न काढता नेहमीचा एखादा मेसेज टाका. त्यालाही गप्पच राहिला तर दार लोटलेलं आहे असं समजा, पण ठोठावत राहू नका. "ठीक आहे", "हो रे", नुसता 👍 आला तर त्याला पूर्णविराम समजू नका. तो नेहमी भरभरून लिहिणारा असेल, तर एका शब्दाचं उत्तर म्हणजे अजून दुखतंय.

मला मंगळवारी दुपारी उत्तर आलं: "ग्रुपवर लिही, पण एकच ओळ. आणि ते स्टिकर अजून फिरतंय."

मी ग्रुपवर लिहिलं, "शुक्रवारचा मीम फालतू होता, मी काढलाय. स्टिकरही कोणी वापरू नका." नंतर स्टिकर बनवणाऱ्याला वेगळा फोन केला, कारण सगळ्यांसमोर त्याला बोललो असतो तर आणखी एक माफी लिहावी लागली असती. त्याने त्याच्या फोनमधून काढलं. बाकीच्यांपैकी ज्यांनी सेव्ह केलं होतं त्यांना एकेकाला सांगावं लागलं. एकाकडे ते राहिलंच असावं, कारण महिन्याभराने तेच स्टिकर पुन्हा ग्रुपवर आलं. या वेळी मी लगेच लिहिलं, "हे नको." त्याने ते काढलं, आणि थोड्या वेळाने मित्राचा मला एकट्याला मेसेज आला: "सोमवारी इंटरव्ह्यू आहे. ग्रुपवर बोलू नकोस."