पहिला स्टुडिओ निवडताना या चुका टाळा

आर्किटेक्चर किंवा इंटिरियरची पदवी हातात पडली की पुण्या-मुंबईतले स्टुडिओ बहुतेक जण इन्स्टाग्रामवरचे फोटो आणि पगाराचा आकडा पाहून ठरवतात. तिथे रोजचं काम कसं चालतं, हे या दोन्हींतून कळत नाही.

महिन्याचा आकडा पाहून होकार देणं

समजा, एक स्टुडिओ 25,000 देतोय आणि दुसरा 22,000. पहिल्यात साडेनऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. जेवणाचा तास सोडला तर आठवड्याचे 63 आणि महिन्याचे साधारण 273 तास भरतात. साइटला स्वतःच्या गाडीने जायचं, त्यात 3,000 चं पेट्रोल गेलं, तर तासाला जेमतेम 80 रुपये पडतात. दुसऱ्यात साडेनऊ ते साडेसहा, शनिवारी अर्धा दिवस आणि साइटचा खर्च स्टुडिओचा. तिथे महिन्याचे 190 तास होतात आणि तासाला 115 रुपये सुटतात. म्हणून मुलाखतीत ‘ऑफिस किती वाजता सुटतं’ असं विचारू नका. ‘गेल्या आठवड्यात टीम किती वाजता घरी गेली’ असं विचारा, आणि हाच प्रश्न तिथल्या ज्युनिअरलाही वेगळा विचारा.

‘रिटेनर’ हा शब्द आला तर थांबून नीट समजून घ्या. तुम्ही पगारी कर्मचारी नसून व्यावसायिक सल्लागार, असा त्याचा अर्थ. सहसा 10 टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे 25,000 चे 22,500 हातात येतात. पीएफ आणि भरपगारी रजा बहुधा नसते. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेली रक्कम रिटर्न भरल्यावर परत मिळते. मात्र स्टुडिओने ती खरंच भरली आहे का, हे आयकर पोर्टलवर आपल्या पॅनखाली दर तिमाहीला पाहायला हवं. वर्षअखेरीस लक्षात आलं तर पाठपुरावा फार जड जातो.

‘साइट एक्स्पोजर मिळेल’ यावर समाधान मानणं

हे वाक्य प्रत्येक स्टुडिओ बोलतो. साइटवर जाऊन फोटो काढून आणणं आणि साइट सांभाळणं यात मोठा फरक आहे. एक साधं उदाहरण घ्या. किचनची भिंत ते भिंत 3000 मिमी, त्यात 600 चे पाच मॉड्यूल, कागदावर अगदी बरोबर बसतात. पण ते माप विटेपासून विटेपर्यंतचं असतं. दोन्ही बाजूंना 12 ते 15 मिमी प्लास्टर चढलं की 24 ते 30 मिमी गेले. वर टाइल आली की आणखी गेले. भिंत ओळंब्यात नसेल तर वर एक माप, खाली दुसरं. पाचवं मॉड्यूल अडतं आणि कार्पेंटर तुम्हाला फोन करतो. टाइल लागल्यावर स्वतः माप घेऊन ड्रॉइंग सुधारलं, कडेला फिलर दिला आणि ते बसताना पाहिलं, तर ही चूक पुन्हा होत नाही.

म्हणून विचारा: गेल्या पंधरा दिवसांत कोणता ज्युनिअर किती वेळा साइटवर गेला? साइट रिपोर्ट कोण लिहितं? कॉन्ट्रॅक्टरचा फोन थेट ज्युनिअरला येतो का? तिन्हींची उत्तरं ‘सर बघतात’ अशी आली, तर तुमच्या वाट्याला फक्त ऑफिसमधलं ऑटोकॅड येईल.

शिकायला मिळेल का, हे ड्रॉइंगवर न पाहणं

क्लायंटचं नाव झाकून एखादी वर्किंग ड्रॉइंग दाखवाल का, असं विचारा. टायटल ब्लॉकमध्ये ‘ड्रॉन’ आणि ‘चेक्ड’ असे रकाने असतात. दोन्हींत एकाच माणसाची आद्याक्षरं असतील किंवा ‘चेक्ड’ रिकामा असेल, तर तुमचं कामही बहुधा न तपासताच साइटवर जाईल. लाल पेनाने खुणा केलेल्या प्रिंट टेबलावर पडलेल्या दिसल्या, तर तो फार चांगला संकेत आहे. तिथे कोणीतरी वेळ काढून चुका दाखवतंय.

श्रेयाचा विषय राजीनाम्याच्या दिवशी काढणं

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक स्टुडिओ असतो. रिटेनरला हा नियम आपोआप लागू होत नाही, त्यामुळे अशा करारात हक्क सोपवण्याचं कलम असू शकतं. ते वाचूनच सही करा. शेवटच्या दिवशी पेनड्राइव्हवर फाइली नेल्या तर अनुभवपत्र अडकतं, प्रकरण वकिलाच्या नोटिशीपर्यंतही जाऊ शकतं. रुजू होतानाच ईमेलने विचारा: काम पूर्ण झाल्यावर कोणत्या शीट पोर्टफोलिओत पीडीएफ म्हणून वापरता येतील आणि प्रकाशित कामात टीमची नावं येतात का. रोज दोन ओळींची नोंद ठेवा: प्रकल्प, शीट, रिव्हिजन, तारीख. पुढे पोर्टफोलिओत ‘बंगला, पुणे’ एवढंच न लिहिता ‘टॉयलेट डिटेल्स आणि जिन्याची वर्किंग ड्रॉइंग’ असं नेमकं लिहिता येतं, आणि पुढचा मुलाखतकार त्याच जिन्यावर प्रश्न विचारतो.

पदवीचं मूळ प्रमाणपत्र कोणी ‘ठेवून घेतो’ म्हणालं, तर झेरॉक्स द्या. मूळ प्रत देऊ नका.