राउंड करा, पण कुठपर्यंत?

‘फॅटची सरासरी राउंड करून पाठवा’ एवढाच निरोप आला, तर आधी दूध संकलनाचं दरपत्रक उघडा. दर ०.१ फॅटला बदलत असेल, तर एकच दशांश स्थळ पुरे. सरासरी ३.८४६२ आली तर ३.८ लिहा, सरळ ४ लिहिलंत तर दर दोन पायऱ्या वर जाईल. मशीन एकाच स्थळापर्यंत वाचत असेल, तर ३.८४६ हा नुसता दिखावा.

खरी गफलत दोनदा राउंड केल्याने होते: आधी ३.८५, मग त्याचे ३.९! म्हणून मूळ आकडा B15 मध्ये तसाच ठेवून शेजारच्या सेलमध्ये `=ROUND(B15,1)` टाका. उत्तरासोबत ‘एका दशांश स्थळापर्यंत’ असंही लिहून पाठवा. जास्त स्थळं हवी असतील तर निरोप पाठवणारे सांगतील.