लूट टेबल आणि पिटी टायमर: 2 टक्क्यांची तलवार बनवताना मी काय काय चुकलो

गेम डिझाइनमध्ये नवीन असताना मला पहिलं काम मिळालं ते बॉसच्या पेटीचं ड्रॉप टेबल. टेबल म्हणजे काय, तर प्रत्येक वस्तूला एक वेट द्यायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेच्या आत एक रँडम नंबर काढायचा, तो ज्याच्या वाट्यात पडेल ती वस्तू प्लेयरला. माझी बेरीज होती 1000 आणि लेजेंडरी तलवारीचं वेट 20, म्हणजे 2 टक्के. मी मनात धरलं की 50 वेळा बॉस मारला की तलवार येतेच.

येत नाही हो! 50 ही सरासरी आहे. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता 0.98, ती 50 वेळा गुणली की 0.36 येते, म्हणजे 100 पैकी 36 जण 50 पेट्या उघडूनही रिकाम्या हातानं बसलेत. 150 पेट्यांनंतरही साधारण 5 जण उरतात, आणि ओरडतात तेच. त्यांना तुम्ही गणित समजावू शकत नाही, त्यांच्या दृष्टीनं गेम फसवतोय.

मग मी सरळ उपाय केला, 80व्या पेटीत तलवार पक्की, यालाच पिटी टायमर म्हणतात. तक्रारी थांबल्या पण दोन गोष्टी बिघडल्या. एक तर सरासरी 50 वरून 40 वर आली, म्हणजे गेममध्ये तलवारी पावपट जास्त यायला लागल्या, आणि हे मी आधी मोजलंच नव्हतं. दुसरं म्हणजे दर पाचातल्या एकाला तलवार बरोबर 80व्यालाच मिळत होती. 60 च्या पुढे गेलेला माणूस पेटी उघडताना बघतसुद्धा नाही, नुसता आकडा मोजतो, महिना भरला की पगार तसं. धडधड संपली की लूट कसली.

शेवटी जे टिकलं ते सॉफ्ट पिटी, म्हणजे तलवार एकदम पक्की न करता शक्यता हळूहळू वाढवायची. मूळ शक्यता 2 वरून 1 टक्क्यावर आणली, पहिल्या 55 पेट्या तशाच, आणि 56व्यापासून दर पेटीला 1 टक्का वाढ:

```
p = 0.01 + max(0, miss - 54) * 0.01
```

`miss` म्हणजे आतापर्यंत सलग हुकलेल्या पेट्या. याची सरासरी येते साधारण 49, म्हणजे तलवारी जवळपास साध्या 2 टक्क्यांइतक्याच वाटल्या जातात. पण साध्या 2 टक्क्यांत 80 पेट्यांनंतर 100 पैकी 20 जण कोरडे राहायचे, आता जेमतेम एक. आणि 42 टक्के लोकांना वाढ सुरू व्हायच्या आतच, निव्वळ नशिबानं मिळते, त्यामुळे कुठल्याही पेटीत निघू शकते ही आशा राहते. वाढ सुरू झाल्यावरही नक्की कुठली पेटी ते कोणालाच सांगता येत नाही.

फुकट काही नाही मात्र. साध्या 2 टक्क्यांत पहिल्या 10 पेट्यांत 18 टक्के लोकांना तलवार लागायची, आता 10 टक्क्यांनाही लागत नाही. उदारपणा कमनशिबी लोकांना द्यायचा तर तो नशीबवानांच्या खिशातून काढावा लागतो. मला हा सौदा मान्य होता, पण पहिल्याच दिवशी मित्राला दाखवायला काहीतरी हवं असा गेम असेल तर मूळ शक्यता एवढी खाली आणू नका, त्यापेक्षा तलवार थोडी जास्त वाटली गेली तरी चालेल.

आता कोडमधला माझा घोळ. मी ही वाढ थेट टेबलातल्या वेटमध्ये केली, 10 चं 20, 20 चं 30 असं. पण वेट वाढलं की बेरीजही वाढते! बाकीच्यांचं वेट 990, तलवारीचं 500 केलं तर मला वाटत होतं 50 टक्के झाले, प्रत्यक्षात 500 भागिले 1490, म्हणजे जेमतेम 34. 100 टक्के तर कधीच होणार नाहीत. बरं चूक दिसत पण नाही, कारण सुरुवातीच्या पेट्यांत फरक अगदी बारीक असतो. म्हणून आता तलवारीचा रोल आधी आणि वेगळा करतो, हुकला तरच उरलेलं टेबल वेटनं फिरवतो. त्याचा अजून एक फायदा, उद्या कोणी टेबलात नवीन ढाल टाकली तरी तलवारीची शक्यता पातळ होत नाही.

हा घोळ सापडला तो सिम्युलेशनमध्ये. 1 लाख खोटे प्लेयर पळवायचे, प्रत्येकाला तलवार कितव्या पेटीत मिळाली ते लिहायचं आणि सरासरीच्या नादी न लागता शेवटचे 1 टक्का लोक कुठे बसलेत ते बघायचं. माझ्या हिशोबानं ते 80 च्या आसपास असायला हवे होते, दिसले त्याच्या तीन-चार पेट्या पुढे, तेव्हा कुठे मी ती बेरजेची ओळ उघडून बघितली.